बॅच नंबरामागची वही

डबीवर ‘बॅच नं. १७’ उमटवायला एक रबरी शिक्का पुरतो. त्या आकड्यामागे काय असायला हवं, ते मात्र सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० मध्ये सांगितलेलं आहे. ती बॅच कशी बनली याच्या नोंदी ज्या क्रमांकावरून शोधता येतात आणि तपासनिसाला दाखवता येतात, तो बॅच नंबर. वहीच नसेल तर शिक्का म्हणजे नुसती नक्षी. क्रीम घरगुती असलं तरी विकायचं म्हटलं की उत्पादनाचा परवाना लागतो, आणि परवान्यामागोमाग ही वहीही येतेच.

वहीचा उपयोग कळतो तो तक्रार आल्यावर. समजा, कोरफडीचं क्रीम विकणाऱ्या एका बाईंकडे गिऱ्हाईक डबी परत घेऊन आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके, म्हणजे बुरशी. डबीवर बॅच १७. बाई वही उघडतात. एक किलोची बॅच, त्यात सोडियम बेंझोएट ५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल २ ग्रॅम. सगळं बॅच १६ सारखंच. फरक एकाच ओळीत दिसतो, तो म्हणजे कोरफडीच्या रसाचा लॉट नवा आहे. पीएचचा रकाना रिकामा आहे. ‘नेहमीचंच क्रीम, दर वेळी काय मोजायचं’ या विचाराने तो सोडलेला.

सुदैवाने प्रत्येक बॅचची एक डबी कपाटात राखून ठेवलेली असते. त्या डब्यांतलं क्रीम मोजलं तर १६ चा पीएच ४.७ आणि १७ चा ५.९ निघतो. पुरवठादार आधी रसात आम्ल घालून देत होता, नव्या लॉटमध्ये ते नव्हतं.

हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. बेंझोएट बुरशीला रोखतं ते बेंझोइक आम्लाच्या रूपात, आणि हे रूप टिकायला आंबटपणा लागतो. पीएच ४.२ असताना निम्मं बेंझोएट या कामाच्या रूपात असतं, ५.२ ला जेमतेम नऊ टक्के, तर ६.२ ला साधारण एक टक्का. म्हणजे बाईंनी ५ ग्रॅम अचूक तोलून घातले, तरी त्यातले बहुतेक नुसते पडून राहिले.

आता परत मागवायचं काय? वहीत तोच लॉट बॅच १८ मध्येही वापरलेला दिसतो. तेव्हा १७ आणि १८ परत. १६ आणि त्याआधीच्या डब्यांना हात लावायचं कारण नाही. लॉट लिहिलेला नसता तर सगळाच माल मागे घ्यावा लागला असता, किंवा (बहुधा हेच घडतं) कुठलाच नाही.

वहीत आणखी एक साधी नोंद असावी: शेवटी भरलेलं वजन. घातलं १००० ग्रॅम आणि भरलं ९३० ग्रॅम, तर पाणी उडालं असेल किंवा भांड्याला बरंच क्रीम चिकटून राहिलं असेल. भरलं १०४० ग्रॅम, तर काहीतरी दोनदा पडलं आहे.

टिकाऊपणाची चाचणी वेगळी. विकायच्या त्याच डबीत क्रीम भरून एक डबी फ्रिजमध्ये, एक खोलीत आणि एक सुमारे ४० ते ४५ अंशांच्या पेटीत ठेवायची. पहिल्या दिवशी, मग एक, दोन, चार, आठ आणि बारा आठवड्यांनी रंग, वास, घट्टपणा, पीएच आणि डबीसकट वजन लिहायचं. वजन घटत गेलं तर दोष बहुधा झाकणाचा. उन्हाळ्यात नागपूरला पार्सल पाठवणाऱ्यांना गरम पेटीतली डबी बरंच काही सांगून जाते: तेल वर तरंगलं, वास खवट झाला, रंग पिवळा पडला.

या पेटीबद्दल एक गैरसमज पक्का आहे. तीन महिने गरमीत तगलं म्हणजे दोन वर्षं टिकेल, हा केवळ ठोकताळा आहे. शिवाय बुरशीबद्दल ती पेटी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण एवढ्या उष्णतेत अनेक बुरश्या वाढतच नाहीत. गरम पेटीत निर्मळ राहिलेलं क्रीम न्हाणीघरात ओल्या बोटांनी आठवडाभरात बिघडू शकतं.

त्यासाठी प्रयोगशाळा गाठावी लागते. तिथे दोन निरनिराळ्या चाचण्या होतात. एकीत आत्ता क्रीममध्ये किती जंतू आहेत ते मोजतात. सर्वसाधारण क्रीमसाठी ग्रॅमला १००० ही प्रचलित मर्यादा. दुसरीत मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून २८ दिवस पाहतात की परिरक्षक त्यांना मारतं की नाही. पहिला अहवाल त्या एका बॅचपुरता, दुसरा त्या पाककृतीपुरता. रसाचा पुरवठादार, सुगंधी तेल किंवा डबी बदलली, की दुसरी चाचणी पुन्हा करायची का हा प्रश्न उभा राहतो. ती महाग असते, म्हणून निदान अशा प्रत्येक बदलाची तारीख वहीत वेगळ्या शाईने लिहावी आणि बदलानंतरच्या पहिल्या बॅचचा पीएच न चुकता मोजावा. त्याआधी पीएच मीटर ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांत तपासून घ्यायचा, आणि तेही लिहून ठेवायचं.