विश्लेषण : वाघ कुठे आहे, हे कुणाला दिसते? आणि ते सिद्ध कसे करायचे?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात वाघाच्या हालचालींची नोंद आता कॅमेरा ट्रॅप, जीपीएस कॉलर आणि वनरक्षकाच्या मोबाइलमधील ॲपमध्ये होते. ही माहिती संरक्षणासाठी गोळा केली जाते, पण चुकीच्या हाती पडली तर शिकाऱ्याचे काम सोपे होते. ती कुणाला दिसावी, हे ठरवणारा दस्तऐवज म्हणजे ‘ॲक्सेस कंट्रोल पॉलिसी’, अर्थात प्रवेश नियंत्रण धोरण. ते कसे लिहितात आणि बाहेरचे लेखापरीक्षक त्याचा पुरावा कसा तपासतात?

धोका खरा आहे का?

मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्पात २०१३ मध्ये ‘पन्ना-२११’ या वाघाला उपग्रहाशी जोडलेली कॉलर लावण्यात आली होती. तिच्याकडून येणारी ठिकाणे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञाच्या ईमेल खात्यात जमा होत. त्याच वर्षी जुलैमध्ये हे खाते पुण्यातून उघडण्याचा प्रयत्न झाला. सर्व्हरने तो अडवला. माहिती सांकेतिक स्वरूपात असल्याने खाते उघडले असते तरी ती लगेच वाचता आली नसती. हेतू काहीही असो, वाघाचा ठावठिकाणा आणि बाहेरची व्यक्ती यांच्यामध्ये एका ईमेलचे दार होते, हे त्यातून दिसले.

ही बाब विदर्भासाठी दूरची नाही. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी कॉलर लावून नवेगाव-नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. त्याच वर्षी गडचिरोलीत आणि जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्यात वाघांच्या शिकारप्रकरणी परराज्यांतील संशयितांना अटक झाली.

धोरणात नेमके काय लिहायचे?

सुरुवात माहितीपासून करावी लागते, माणसांपासून नव्हे. गस्तीचा मार्ग, कॅमेरा ट्रॅपचे छायाचित्र आणि कॉलरचे ताजे ठिकाण यांची जोखीम सारखी नसते. वर्षभरापूर्वीच्या छायाचित्रापेक्षा आज सकाळचे ठिकाण कितीतरी नाजूक असते. ही माहिती कुठे कुठे साठते, हेही लिहावे लागते. सर्व्हरला कडक कुलूप आणि तीच फाइल कुणाच्या ईमेलमध्ये उघडी, असे असेल तर धोरण अपुरे आहे.

त्यानंतर पदानुसार गरज ठरते. वनरक्षकाला स्वतःच्या बीटची नोंद करता आणि पाहता यावी, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आपल्या परिक्षेत्राची, तर उपवनसंरक्षकाला संपूर्ण विभागाची. संगणक चालकाला माहिती भरता यावी, पण पूर्ण यादी डाउनलोड करता येऊ नये. हक्क पदाला मिळतो, व्यक्तीला नाही.

तिसरा भाग वेळेचा. बदली झाल्यावर जुना प्रवेश किती वेळात बंद होणार? ‘तातडीने’ हा शब्द इथे कामाचा नाही, कारण तो मोजता येत नाही. ‘कार्यमुक्तीच्या दिवशी कार्यालय बंद होण्यापूर्वी’ असे लिहिले तर तपासता येते. आदेशाची तारीख धरायची की कार्यमुक्तीची, हे स्पष्ट हवे, कारण दोन्हींत अनेकदा बरेच दिवसांचे अंतर असते. अतिरिक्त कार्यभारासाठी दिलेल्या प्रवेशाला शेवटची तारीख सुरुवातीलाच घालावी लागते. नाही तर कार्यभार संपतो आणि प्रवेश तसाच राहतो.

लेखापरीक्षक काय मागतात?

ते दोन प्रश्न विचारतात : नियम योग्य आहे का आणि तो वर्षभर पाळला गेला का? पहिल्याचे उत्तर मंजूर धोरणात मिळते. दुसऱ्यासाठी नोंदी लागतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोहर्लीच्या एका वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची आलापल्लीला बदली झाली. आदेश ३१ मेचा, कार्यमुक्ती ६ जूनची. लेखापरीक्षक आधी आस्थापना शाखेकडून वर्षभरातील सर्व बदल्यांची यादी मागतो. संगणक कक्षाची यादी तो पहिली घेत नाही, कारण जे खाते बंद करायचे राहिले, ते तिथल्या ‘बंद केलेल्या खात्यां’त दिसणारच नाही. संपूर्ण यादीतून काही नावे तो स्वतः निवडतो.

मग या अधिकाऱ्यासाठी चार गोष्टी जुळवल्या जातात : कार्यमुक्तीचा आदेश, प्रवेश बंद करण्याची विनंती, प्रणालीत झालेला बदल आणि त्यानंतरचा लॉग. विनंती ६ जूनला दुपारी गेली आणि मोहर्लीचा प्रवेश त्याच सायंकाळी बंद झाला, तर नियम पाळला गेला. पण बदलाची नोंद १७ जूनची निघाली, तर प्रवेश ११ दिवस उघडा राहिला. त्या काळात कुणी मोहर्लीची माहिती पाहिली का, हे लॉग सांगतो. पाहिली नसेल, तर ती नियमातील चूक ठरते. पाहिली असेल, तर प्रकरण घटना म्हणून हाताळावे लागते.

पुरावा कुठे कमी पडतो?

सर्वांत मोठी अडचण सामायिक लॉगिनची. एका बीटवर तिघे एकच पासवर्ड वापरत असतील, तर लॉगमध्ये खाते दिसते, माणूस दिसत नाही. मग बाकीचा पुरावा कितीही नेटका असला तरी उत्तर मिळत नाही.

दुसरी अडचण काळाची. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. मात्र लेखापरीक्षण पूर्ण वर्षाचे असेल आणि जुने लॉग १८० दिवसांनी पुसले जात असतील, तर पहिल्या सहामाहीचा पुरावा उरतच नाही. त्यामुळे पुरावा दर महिन्याला बाजूला काढून ठेवावा लागतो.

भामरागडसारख्या भागात नेटवर्कचा प्रश्न आहे. ॲपमध्ये ऑफलाइन केलेली नोंद नंतर सर्व्हरवर चढते. म्हणून नोंदीची वेळ आणि अपलोडची वेळ वेगवेगळी जपावी लागते. अन्यथा कार्यमुक्तीपूर्वीची गस्त बदलीनंतरची भासू शकते.

तिसरी अडचण आदल्या दिवशी तयार केलेल्या कागदांची. हाताने टाइप केलेल्या एक्सेल यादीपेक्षा प्रणालीतून थेट काढलेली यादी विश्वासार्ह असते. ती कुणी, कधी काढली आणि त्यात एकूण किती खाती आहेत, हे सोबत दिसले पाहिजे. दरमहा आढावा घेतल्याचे बारा अहवाल एकाच दुपारी तयार झाले असतील, तर फाइलच्या गुणधर्मांतील तारीख ते उघड करू शकते.

चूक सापडली तर?

ती लपवू नये. ११ दिवसांचा उशीर कसा लक्षात आला, लॉग कुणी तपासले, काय आढळले आणि पुढच्या बदलीसाठी काय बदलले, याची त्या वेळी केलेली नोंद हाही पुरावाच असतो. एकही चूक नसलेल्या वहीकडे लेखापरीक्षक उलट अधिक बारकाईने पाहतो.

या साऱ्याला मर्यादाही आहे. ज्याला ठिकाण पाहण्याचा अधिकार आहे, त्याने मोबाइलच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तर धोरण त्याला थांबवू शकत नाही. पण स्वतंत्र खाती असतील आणि लॉग जपला असेल, तर ते ठिकाण त्या वेळी कुणाकुणाला दिसत होते, याची यादी काढता येते. चौकशी सुरू करायला तेवढे पुरेसे असते.