डाळिंबाच्या सॉसला आरारूटच का?

राहाता-संगमनेरच्या डाळिंबांचा रस आटवून सॉस करायचा, तर कॉर्नफ्लोअर नको असं माझं मत आहे. त्यातल्या अमायलोजमुळे थंड झाल्यावर लाल रंग दुधाळ दिसतो आणि फ्रिजमध्ये सॉसला पाणी सुटतं. आरारूट रंग आरपार ठेवतं, आंबटपणाही बऱ्यापैकी सोसतं. कपभर रसाला एक मोठा चमचा आरारूट गार पाण्यात कालवून शेवटी घाला आणि सॉस दाटून चमकला की लगेच गॅस बंद करा.

कोणी म्हणेल, पुन्हा गरम केल्यावर आरारूट पातळ होतं. खरंय, पण उकळत ठेवलं आणि जोरात घोटलं तर. मंद आचेवर नुसतं कोमट केलं तर बरंचसं टिकतं. टॅपिओकाही पारदर्शक आणि फ्रिजमध्ये आरारूटइतकंच, किंबहुना जास्त, टिकाऊ. पण त्याची तार सुटते. चमचा उचलला की सॉस लोंबतो, आणि ते मला खटकतं. दुधात मात्र गणित उलटतं: आरारूट बुळबुळीत लागतं, म्हणून कस्टर्डला कॉर्नफ्लोअरच, तेही एक-दोन मिनिटं नीट उकळून, नाहीतर कच्ची पिठूळ चव राहते.