मॉडेल बदलले की

चित्र निम्मे झाले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहणारा सडपातळ मॉडेल आजारी पडला. त्याच्या जागी स्थूल माणूस आला. पोझ तीच, पण आता दंड कुशीला टेकतो, कोपर बाहेर सरकते, हात आणि कंबर यांमधली त्रिकोणी फट चिंचोळी होते. जुनाच हात जाड केला तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. आधी खांदा, कोपर, मनगट यांच्या खुणा नव्याने करायच्या, मग पंजा. माझ्या मते खरी घाई सदऱ्यात होते. पूर्वी चुण्या खांद्यावरून सरळ लोंबत होत्या. आता पोटावर कापड ताणते आणि त्या बटणापासून आडव्या फुटतात. जुन्या चुण्या ठेवल्या, तर सदरा पहिल्याच माणसाचा राहतो.