परदेशात पासपोर्ट संपतोय? आधी तीन गोष्टी विचारा
गोंदियातल्या घरी परदेशातून फोन येतो, "पासपोर्ट रिन्यू करायचाय, कसं करू?" आम्ही आधी विचारतो: कोणत्या देशात आहेस, पासपोर्ट भारतीयच ना, आणि घाई किती?

भारतीय असेल तर अर्ज तिथल्याच भारतीय दूतावासाकडे, 'री-इश्यू' म्हणून करायचा. घरच्यांनी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात जाऊन तो होत नाही. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज चालतो.

समजा घरी मयत झाली आणि पासपोर्ट संपलेला आहे. दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकतो, पण ते फक्त भारतात येण्यापुरतं. परत जायला नवा पासपोर्ट इथेच काढावा लागतो, तोवर तिकडची नोकरी अडते. म्हणून मुदतीची तारीख आजच बघून घ्या.