तासाची साठ मिनिटे आली कुठून?

तासाची साठ मिनिटे कुणी ठरवली, असे विचारले की बहुतेक वेळा बॅबिलोनचे नाव पुढे येते. ते अर्धेच खरे आहे. साठाचा हिशोब मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकमधला, यात शंका नाही. पण तिथे दिवसाचे चोवीस तास नव्हते. दिवस-रात्र मिळून बारा भाग आणि त्या प्रत्येकाचे तीस, अशी त्यांची वाटणी होती. त्यातला लहान भाग आपल्या चार मिनिटांएवढा. चोवीस तास आले इजिप्तमधून: बारा दिवसाचे, बारा रात्रीचे. साठ आणि चोवीस यांची गाठ नंतर पडली.

साठाची सुरुवात घड्याळापासून नव्हे, मेंढ्या मोजण्यापासून झाली. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी सुमेरचे कारकून ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा दाबत. एका मेंढीला एक लहान खूण. अशा दहा झाल्या की एक गोल खूण. गोल खुणा सहा झाल्या की एक मोठी, म्हणजे साठाची. त्यापुढे पुन्हा दहापट केली की सहाशे, मग सहापट केली की छत्तीसशे. पायऱ्या दहाच्या आणि सहाच्या आळीपाळीने येतात. चार बोटांची बारा पेरे आणि दुसऱ्या हाताची पाच बोटे यांतून साठ निघाले, ही कथा नेहमी सांगितली जाते. मला ती पटत नाही, कारण या पायऱ्यांत बाराला कुठे जागाच नाही.

साठाचा खरा फायदा दिसतो तो वाटणी करताना. दहाला फक्त दोन आणि पाचने सरळ भाग जातो. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस आणि तीस, इतक्यांनी जातो. वजनेही त्याच मापात होती: साठ शेकेलचा एक मिना. आता पाच मिना चांदी आठ जणांत वाटायची आहे असे समजा. तिथला कारकून भागाकार करत बसत नसे. त्याच्याकडे कोष्टकाची पाटी असे आणि तीत आठासमोर ‘साडेसात’ असे, कारण साठाचा आठवा हिस्सा साडेसात होतो. तो पाचाला साडेसातने गुणे. उत्तर साडेसदतीस, म्हणून प्रत्येकाला साडेसदतीस शेकेल. भागाकाराचा गुणाकार झाला आणि काम संपले.

सातापाशी मात्र ही युक्ती अडते. साठाला सातने भागले की आठ येतात आणि चार उरतात. त्या चारांचे पुन्हा साठ-साठ तुकडे करून भागले की चौतीस, मग सतरा, मग पुन्हा आठ, चौतीस, सतरा. हे कधी संपतच नाही. म्हणून नेहमीच्या कोष्टकांत सहानंतर एकदम आठ येतो.

हे अपूर्णांक पुढे ग्रीक ज्योतिर्विदांना आवडले. इ.स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने वर्तुळाच्या ३६० अंशांतला प्रत्येक अंश साठ भागांत आणि त्यातला प्रत्येक भाग पुन्हा साठांत मोजला. ग्रहांची कोष्टके अशा भागांत असल्यावर तासही त्याच रीतीने कापला जाणे ओघाने आले. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने चंद्राच्या गणितात तासाचे साठावे भाग घेतले, त्यांचेही साठावे, आणि त्याहून खाली आणखी दोन पायऱ्या.

आपल्या पंचांगात साठच आहे, पण तो तासाला नव्हे, सबंध दिवसाला लावलेला. अहोरात्राच्या साठ घटी, एका घटीची साठ पळे. म्हणून घटी चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे.

म्हणजे मिनिट कितीतरी शतके कागदावरच होते. मनोऱ्यांवरच्या जुन्या घड्याळांना तासकाटा तेवढा असे. दिवसात पाव तास इकडेतिकडे होणाऱ्या यंत्राला मिनिटकाटा लावून उपयोग काय? १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचे घड्याळ केले, चूक दिवसाला मिनिटाच्या आत आली आणि मग मिनिटकाटा रूढ झाला.

फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये साठ मोडायचा प्रयत्न केला: दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे, मिनिटाचे शंभर सेकंद. १७९५ मध्ये हा कायदा स्थगित झाला. मीटर आणि किलोग्रॅम टिकले, कारण तिथे गावोगावी वेगळी मापे होती आणि लोक त्यांना कंटाळले होते. वेळेचे माप सगळीकडे आधीच एक होते.

दशमान पद्धतीने साठाला मागे सारले ते फक्त सेकंदाच्या खाली. अल-बिरूनीच्या पुढच्या पायऱ्या कुणी वापरत नाही. उसेन बोल्टची २००९ ची बर्लिनमधली शंभर मीटरची वेळ ९.५८ सेकंद अशी लिहितात. त्यातले ५८ हे सेकंदाचे साठावे भाग नाहीत, शंभरावे आहेत.