बिलातला एक पैसा

दुकानदाराने पंख्याची किंमत सांगितली, करासह दीड हजार. बिल छापून आले तेव्हा पंख्याच्या ओळीपुढे आकडा होता १,५००.०१. हा जास्तीचा पैसा यंत्राच्या चुकीने आलेला नाही. तो कुठून आला ते कळले, की जीएसटीच्या बिलाची बेरीजही कळते.

समजा, नाशिकच्या एका कुटुंबाने नव्या घरासाठी तिथल्याच दुकानातून तीन वस्तू घेतल्या. स्टीलचे सहा डबे, एक छताचा पंखा आणि एक मिक्सर. डब्यांवर ५ टक्के कर आहे (२२ सप्टेंबर २०२५पूर्वी तो १२ टक्के होता), पंख्यावर आणि मिक्सरवर १८ टक्के. एकाच बिलात दोन दर आल्यामुळे सगळ्या किमतींची आधी बेरीज करून खाली एकदम कर लावता येत नाही. प्रत्येक ओळीचा हिशेब त्या ओळीतच संपवावा लागतो.

त्याची सुरुवात करपात्र मूल्यापासून होते. म्हणजे ज्या रकमेवर कर बसतो ती रक्कम. डबा ४२० रुपयांना, सहा नगांचे २,५२० झाले. दुकानदाराने १० टक्के सूट दिली, म्हणजे २५२ रुपये. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट कर लावण्याआधी वजा होते, म्हणून करपात्र मूल्य २,२६८. हीच सूट बिलाच्या तळाशी, कर लावून झाल्यावर वजा केली, तर कर पूर्ण २,५२० वर बसतो आणि गिऱ्हाइकाला १२ रुपये ६० पैसे जास्त पडतात. बिल हातात आले की सूट कोणत्या जागी वजा झाली आहे, ते आधी पाहावे.

मिक्सरची करापूर्वीची किंमत ३,२५० होती, त्यामुळे तिथे काहीच करायचे नव्हते. पंख्याचा भाव मात्र करासह ठरला होता, म्हणून उलटा हिशेब करावा लागला. कर धरून ११८ रुपये होतात तेव्हा मूळ किंमत १०० असते. म्हणून १,५०० ला १०० ने गुणून ११८ ने भागायचे, उत्तर १,२७१.१९. दीड हजारातून सरळ १८ टक्के वजा केले तर १,२३० येतात आणि ते चूक आहे, कारण १८ टक्के मूळ किमतीवर असतात, करासह किमतीवर नव्हे.

आता कर. माल राज्यातल्या राज्यात विकला की दराचे दोन समान भाग होतात. १८ टक्क्यांतले ९ केंद्राचे, ९ राज्याचे. ५ टक्क्यांतले अडीच-अडीच.

| वस्तू | करपात्र मूल्य | केंद्राचा कर | राज्याचा कर | एकूण |
|---|---|---|---|---|
| डबे | २,२६८.०० | ५६.७० | ५६.७० | २,३८१.४० |
| पंखा | १,२७१.१९ | ११४.४१ | ११४.४१ | १,५००.०१ |
| मिक्सर | ३,२५०.०० | २९२.५० | २९२.५० | ३,८३५.०० |
| बेरीज | ६,७८९.१९ | ४६३.६१ | ४६३.६१ | ७,७१६.४१ |

पैसा सापडतो तो पंख्याच्या ओळीत. १,२७१.१९ चे ९ टक्के होतात ११४.४०७१. पैशापर्यंत पूर्ण करताना त्याचे ११४.४१ होतात, आणि हे दोनदा घडते, एकदा केंद्रासाठी आणि एकदा राज्यासाठी. दोन्हीकडे थोडे थोडे वर सरकल्याने मिळून एक पैसा वाढतो. हाच पंखा गुजरातेत पाठवला असता, तर दोन करांऐवजी १८ टक्क्यांचा एकच एकात्मिक कर लागला असता, २२८.८१. मग बेरीज बरोबर १,५०० भरली असती.

बिल तपासायला दोन खुणा पुरतात. राज्यातल्या बिलात केंद्राचा आणि राज्याचा कर प्रत्येक ओळीत सारखाच असला पाहिजे. फरक दिसला तर दर किंवा आकडा चुकला आहे. दुसरी खूण म्हणजे आडवी आणि उभी बेरीज. शेवटच्या स्तंभातले तिन्ही आकडे मिळवले तरी ७,७१६.४१ येतात आणि तळातल्या ओळीतले करपात्र मूल्य व दोन्ही कर मिळवले तरी तेवढेच. दोन्ही जुळत नसतील तर एखाद्या ओळीत बेरीज फसली आहे. मात्र दोन्ही खुणा पटल्या तरी दर बरोबर आहे असे होत नाही. डब्यांवर चुकून १८ टक्के लावले, तरी आकडे चोख जुळतील. त्यासाठी वस्तूसमोरचा एचएसएन क्रमांक आणि दर वाचावाच लागतो.

शेवटी रुपया पूर्ण करायचा. पन्नास पैशांच्या आत असेल तर सोडायचे, पन्नास किंवा अधिक असेल तर पुढचा रुपया. इथे ४१ पैसे आहेत, म्हणून 'राउंड ऑफ'च्या ओळीत उणे ०.४१ येते आणि द्यायचे ७,७१६. पंख्याचा तो पैसाही याच ४१ पैशांत सुटला.