एका बिटाचा निर्णय

संपादकांनी सुचवलेला विषय होता, मोठाल्या तक्त्यांमधला डेटा लहान कसा करतात. वाचायला सुरुवात केली आणि जागेची बचत बाजूला राहून माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीत गुंतलं. पार्के नावाच्या फाइल-प्रकारात डेटा असा बांधून ठेवतात, की तो न सोडवताच बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मिळतात. स्कॅनचा वेग वाढतो तो यामुळेही.

इतिहास थोडक्यात सांगतो. पार्के 2013 मध्ये ट्विटर आणि क्लाउडेरा यांच्या अभियंत्यांनी मिळून आणलं. कॉलम-निहाय साठवलेला डेटा दाबलेल्या अवस्थेतच वापरायचा, हा विचार त्याआधीचा आहे. सी-स्टोअर या संशोधन-प्रकल्पावर काम करणाऱ्या डॅनियल अबादी, सॅम्युएल मॅडन आणि मिगेल फरेरा यांनी 2006 च्या शोधनिबंधात तो नीट मांडला होता.

उदाहरणाला न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींचा डेटा घेऊ. तिथला टॅक्सी आयोग दर महिन्याच्या फेऱ्या पार्के फाइलमध्ये जाहीर करतो. जानेवारी 2023 च्या फाइलमध्ये 30 लाखांहून थोड्या अधिक फेऱ्या आहेत. त्यात `payment_type` हा कॉलम आहे: 1 म्हणजे कार्ड, 2 म्हणजे रोख, आणि असेच आणखी मोजके आकडे. प्रत्येक आकडा 8 बाइटांचा पूर्णांक म्हणून ठेवला, तर या एका कॉलमला सुमारे साडेचोवीस एमबी लागतात.

पहिलं काम डिक्शनरीचं. कॉलममध्ये येणाऱ्या वेगवेगळ्या किमतींची छोटी यादी एकदाच लिहायची आणि पुढे प्रत्येक फेरीसाठी त्या यादीतला क्रमांक ठेवायचा. किमती पाच-सहाच असतील, तर क्रमांकाला 3 बिट पुरतात. मग बिट पॅकिंग हे क्रमांक मध्ये फट न ठेवता एकमेकांना चिकटवून बसवतं. साडेचोवीस एमबीचा कॉलम सव्वा एमबीच्याही आत येतो. फेरी जिथे सुरू झाली त्या विभागाचा क्रमांक 1 ते 265 यांपैकी असतो. 8 बिटांत 256 च किमती मावतात, म्हणून तिथे 9 बिट लागू शकतात. तरीही तो कॉलम साडेतीन एमबीच्या आसपास राहतो.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो यापुढच्या टप्प्यावर. पार्के हे क्रमांक दोन तऱ्हांनी लिहितं आणि एकाच पानात गरजेप्रमाणे तऱ्हा बदलतं. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक छोटा शीर्ष-आकडा असतो. त्याचा शेवटचा बिट 1 असेल तर पुढे बिट पॅक केलेले क्रमांक आहेत, 0 असेल तर पुढे एकच क्रमांक सलग अनेकदा आला आहे. दुसऱ्या तऱ्हेला रन-लेंग्थ म्हणतात. दोन्ही तऱ्हा प्रत्यक्ष बाइटांत अशा दिसतात:

```
03 88 C6 FA   → 0 1 2 3 4 5 6 7
C8 01 01      → क्रमांक 1, सलग 100 वेळा
```

पहिल्या ओळीतला `03` दोनअंकी पद्धतीत 11. शेवटचा 1 म्हणजे बिट पॅकिंग, उरलेला 1 म्हणजे आठ-आठचा एक गट. पुढच्या तीन बाइटांत, म्हणजे 24 बिटांत, आठ क्रमांक मावले आहेत. दुसऱ्या ओळीतले `C8 01` हे दोन बाइट मिळून 200 होतात. शेवटचा बिट 0, उरलेलं 100. त्यानंतरचा एक बाइट म्हणजे तो क्रमांक. तीन बाइटांत शंभर फेऱ्या! त्याच शंभर फेऱ्यांना बिट पॅकिंगने सुमारे चाळीस बाइट लागले असते.

आता प्रश्न विचारा: रोखीच्या फेऱ्या किती? डिक्शनरीत 2 ही किंमत कुठे आहे ते एकदाच शोधायचं आणि पुढे फक्त तो छोटा क्रमांक जुळवत जायचं. डिक्शनरीत ती किंमतच नसेल, तर त्या रो ग्रुपमधली या कॉलमची पुढची पानं वाचायचीही गरज उरत नाही. रन-लेंग्थचा तुकडा आला, तर एक तुलना आणि एक बेरीज करून शंभर फेऱ्या मागे टाकता येतात. बिट पॅकिंगचा तुकडा आला, तर क्रमांक सुटे करावे लागतात, पण प्रत्येक रुंदीसाठी सरकवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असल्यामुळे 'जर-तर' लागत नाही आणि प्रोसेसर एकाच सूचनेत अनेक क्रमांक हाताळू शकतो. डॅनियल लेमायर आणि लिओनिड बॉयत्सोव्ह यांनी याच मार्गाने सेकंदाला अब्जावधी पूर्णांक सोडवून दाखवले.

अडचण येते ती या दोन तऱ्हांच्या मधोमध. फेऱ्या वेळेच्या क्रमाने असल्या, तर कार्ड, कार्ड, रोख, कार्ड असं चालतं. कुठे आठ-दहा कार्डं सलग येतात आणि रन-लेंग्थचा आखूड तुकडा तयार होतो, लगेच पुन्हा बिट पॅकिंग सुरू होतं. प्रत्येक बदलाला नवा शीर्ष-आकडा, आणि दर वेळी पुढे काय येणार याचा प्रोसेसरचा अंदाज चुकायची शक्यता. फाइल लहान दिसते, स्कॅन मात्र अपेक्षेइतका धावत नाही. फेऱ्या पैसे देण्याच्या प्रकारानुसार लावल्या, तर हा कॉलम काही मोजक्या बाइटांवर येईल. पण मग वेळेचा कॉलम विस्कटेल, आणि वेळेनुसार शोधणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागेल. क्रम एकच असतो, तो कुणासाठी लावायचा हे फाइल लिहिणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि कोणतंही एन्कोडिंग तो आपल्यासाठी घेत नाही.

डिक्शनरीची अडचण सहज नजरेत येत नाही. नेहमीच्या लेखन-साधनांत तिला साधारण 1 एमबीची मर्यादा असते. फेरी सुरू झाल्याची वेळ 8 बाइटांची, म्हणजे सुमारे 1 लाख 31 हजार वेगळ्या वेळांनंतर डिक्शनरी भरते. महिन्यात सेकंदच 26 लाखांवर आहेत. भरली की लेखन-साधन त्या कॉलमची पुढची पानं कच्च्या रूपात लिहू लागतं, कसलीही सूचना न देता. फाइलच्या शेवटी एन्कोडिंगची यादी असते, पण तीवर विसंबू नये. डिक्शनरी स्वतः कच्च्या रूपात लिहिलेली असल्यामुळे `PLAIN` हा शब्द निरोगी कॉलममध्येही दिसतो. त्यापेक्षा भागाकार करावा:

```python
import pyarrow.parquet as pq
m = pq.ParquetFile("yellow_tripdata_2023-01.parquet").metadata
c = m.row_group(0).column(9)   # payment_type
print(c.total_uncompressed_size / c.num_values)
```

उत्तर अर्ध्या बाइटाच्या आत आलं, तर डिक्शनरी आणि बिट पॅकिंग काम करत आहेत. 8 बाइटांच्या कॉलमचं उत्तर 8 च्या जवळ आलं, तर डिक्शनरी वाया गेली असं समजावं.

शिवाय ही डिक्शनरी फाइलभर एकच नसते. प्रत्येक रो ग्रुपची वेगळी असते आणि क्रमांक सहसा पहिल्यांदा दिसण्याच्या क्रमाने पडतात. एका भागात 0 म्हणजे कार्ड, दुसऱ्यात 0 म्हणजे रोख असू शकतं. म्हणून भागाभागांची गटवार बेरीज जुळवताना मूळ किमतींकडे परतावं लागतं. 'यापेक्षा मोठं' अशी अटही क्रमांकांवर थेट लावता येत नाही. आधी डिक्शनरीतल्या प्रत्येक किमतीवर ती तपासून हो-नाहीची यादी करावी लागते.

आणि तो शीर्ष-आकडा? पानातल्या लाखाव्या फेरीपर्यंत पोहोचायचं, तर आधीचे सगळे शीर्ष-आकडे ओळीने वाचावे लागतात, कारण पुढचा तुकडा कुठे सुरू होतो ते मागचा वाचल्याशिवाय कळत नाही. हजारो धागे एकाच वेळी चालवणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरला ही रांग जाचते. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत अझीम अफ्रोझेह आणि पीटर बाँट्झ यांनी 2023 मध्ये मांडलेल्या फास्टलेन्स या रचनेत 1024 किमतींचा ठरीव गट घेतात आणि त्यांचा क्रम मुद्दाम असा बदलतात, की शेजारच्या किमती प्रोसेसरच्या वेगवेगळ्या मार्गिकांत स्वतंत्रपणे सुटतात. गट ठरीव असल्याने तऱ्हा दर आठ क्रमांकांनी बदलत नाही, आणि मधूनच येणारी आठ-दहाची सलग ओळ आयती पकडायची सोयही त्याबरोबर जाते.